उरणची गाडी आणि न बोललेलं वाक्य

करावे हे नवी मुंबईतलं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. सीवूड्स-दारावे स्टेशनापासून जवळ, पाम बीच रस्त्याच्या कडेला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, पुढच्या काळात आसपासची शेतं आणि मिठागरं नव्या शहरात गेली, आणि गावठाणातली घरं आडवी वाढायला जागा नाही म्हणून वरच्या दिशेने वाढली. तळाला सासू-सासरे, वर मुलगा-सून, त्याच्या वर भाडेकरू. स्वयंपाकघर बहुतेक घरांत एकच. ही रचना लक्षात ठेवा. नवरा-बायको एकमेकांशी सूचक का बोलतात याचं निम्मं कारण स्वभावात नसून जिन्यात, भिंतीत आणि सामाईक ओट्यात असतं.

अशा एका घरातलं एक जोडपं कल्पनेत घेऊ. माणसं खरी नाहीत, पण संवाद आपण सगळ्यांनी ऐकलेले आहेत. ती तिशीतली, बेलापूरला एका ऑफिसात हिशेबाचं काम करते, माहेर उरणचं. तो तुर्भ्याला कंपनीत. मुलगी सहा वर्षांची. उरणला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. धाकटी वहिनी बघतेय, पण आपणही एक रविवार जाऊन यावं, नवऱ्याने सोबत यावं, आईजवळ दहा मिनिटं बसून चौकशी करावी, असं तिला वाटतंय.

बुधवारी रात्री भांडी आवरताना ती म्हणते, “अहो, उरणची गाडी सुरू झाल्यापासून किती सोपं झालंय ना सगळं?”

तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, “हो, पण फेऱ्या कमी आहेत. एक चुकली की बसा ताटकळत.”

संवाद संपला. तिच्या हिशेबाने तिने विचारलं आणि त्याने टाळलं. त्याच्या हिशेबाने रेल्वेविषयी गप्पा झाल्या. जानेवारी २०२४ मध्ये खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकल धावू लागली, तेव्हापासून या भागात हा विषय कुणीही कुणाशीही काढतो, त्यामुळे त्याला त्यात वेगळं काही जाणवायचं कारणच नव्हतं.

आता हा एक प्रश्न सावकाश उलगडून पाहू. तिच्या मनात जे होतं त्याचे किमान पाच तुकडे होते. काय हवंय: उरणला जाणं. कधी: या रविवारी. कुणी: तिघांनी, म्हणजे त्याने सुद्धा. का: आईचं ऑपरेशन झालंय, आणि जावई आला नाही तर माहेरी तिलाच कानकोंडं होतं. आणि पाचवा, सगळ्यात वजनदार तुकडा: हे माझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे. तोंडातून जे वाक्य बाहेर पडलं त्यात यांतला एकही तुकडा नव्हता. उरण हा शब्द होता, तोही गाडीचं विशेषण म्हणून. समोरच्याने हे ओळखायचं म्हणजे पाचही तुकडे स्वतःच्या डोक्यात तयार करायचे, आणि ते नेमके तिच्याच तुकड्यांशी जुळायचे.

तिला मात्र असं वाटत नाही. तिला वाटतं की आपण जवळजवळ सांगूनच टाकलं. हा भ्रम कसा तयार होतो हे दाखवणारा एक साधा प्रयोग आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधक विद्यार्थिनीने काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितलं आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. एकूण १२० वेळा गाणी वाजवली गेली. ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल, शब्द, वाद्यं सगळं घुमत असतं, म्हणून त्याला टकटक म्हणजे गाणंच वाटतं. ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. घरी करून बघा, एखादी गणपतीची आरती वाजवा. समोरचा चुकीचं ओळखतो तेव्हा थोडा वैतागही येतो: इतकं सोपं, तरी कळत नाही? तो वैताग लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण बुधवारी रात्री ओट्यापाशी नेमका तोच आला होता.

यावर कुणी म्हणेल, अनोळखी माणसाला कळणार नाही हे ठीक, पण आठ वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला कळायला नको? इथेच गोष्ट अवघड होते. २०११ मध्ये केनेथ सॅवित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवाहित जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि रोजच्या बोलण्यातली, पण दोन-तीन अर्थ निघू शकतील अशी वाक्यं बोलायला लावली. ऐकणाऱ्यांत जोडीदार होता आणि अनोळखी माणसंही होती. आपलं म्हणणं समोरच्याला कितपत कळेल याचा अंदाज बोलणाऱ्याने द्यायचा. अंदाज सर्वांच्याच बाबतीत चढा निघाला, पण जोडीदाराच्या बाबतीत अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली दरी अनोळखी माणसापेक्षा मोठी होती. कारण समजण्यासारखं आहे. परक्याशी बोलताना आपण सावध असतो, याला काय माहीत आहे आणि काय नाही याचा विचार करतो. घरच्या माणसाशी बोलताना तो विचारच सुटतो. माझ्या डोक्यातलं याच्याही डोक्यात आहेच असं गृहीत धरलं जातं. जवळीक वाढते तसं सांगणं कमी होतं, आणि ओळखण्याची ताकद मात्र त्या प्रमाणात वाढत नाही.

गुरुवारी ती दुसरी खेप करते. मुलीचे केस विंचरताना जरा मोठ्याने, “आजी किती वाट बघत असेल ना गं तुझी?” हे आपलं अगदी घरचं तंत्र. लेकी बोले सुने लागे. एकत्र कुटुंबात थेट बोलण्याची सोय नसते, म्हणून तिसऱ्याच्या नावावर वाक्य सोडायचं आणि ज्याला लागायचं त्याला लागू द्यायचं. अडचण अशी की मुलीला आज्या दोन आहेत. तो तळमजल्यावरच्या आजीचा विचार करतो आणि मुलीला सांगतो, “जा, खाली जाऊन बस जरा आजीजवळ.”

आता हेही पाहू की ती सरळ का बोलत नाही. तिला बोलता येत नाही असं मुळीच नाही. ऑफिसात ती थकलेली बिलं वसूल करते. घरात सूचक बोलण्याची तिची कारणं चांगलीच व्यवहारी आहेत. पहिलं, सरळ विचारलं तर सरळ ‘नाही’ येऊ शकतं. “रविवारी आईकडे याल का?” याला “नको गं, कंटाळा आलाय” असं उत्तर आलं तर ते आयुष्यभर लक्षात राहणार. गाडीविषयी बोललं तर नकार येतच नाही. आणि आलाच तर, मी कुठे काय म्हटलं, असं म्हणायला जागा राहते. सूचक बोलणं हा एक प्रकारचा विमा आहे. हप्ता मात्र दोघांनाही भरावा लागतो, आणि त्याला तर पॉलिसी काढल्याचंही माहीत नसतं.

दुसरं कारण घराचं. सासू खाली आहे, जिन्याचं दार उघडं आहे. “या रविवारी माहेरी जायचंय” हे वाक्य दोघांतलं राहत नाही. ते घरातला प्रस्ताव होतं आणि मग त्यावर तळमजल्यावरून मत येतं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकोने नवऱ्याचं नावसुद्धा उखाण्यात गुंडाळून घेतलं. मागणं उघडं मागायची तालीम तिला कुठून मिळणार?

तिसरं कारण मला सगळ्यात घट्ट वाटतं. तिला फक्त उरणला जायचं नाहीये. त्याला आपण होऊन सुचावं, हे हवंय. सांगून आला तर तो सांगितलेलं काम करतोय. न सांगता आला तर त्याला आपली किंमत आहे. म्हणजे मागणी एक नाही, दोन आहेत, आणि दुसरी मागणी अशी आहे की ती बोलली की संपते. “तुम्ही आपण होऊन या” असं सांगता येत नाही. त्यामुळे ती गप्प राहून त्याची परीक्षा घेते. परीक्षा आहे हे फक्त परीक्षकाला ठाऊक असतं.

नकाराची भीती किती खरी असते? फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटी मदत मागायला पाठवलं. एक प्रश्नावली भरून द्या, तुमचा फोन जरा वापरू द्या, असली. किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज आधी घेतला. प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्म्या लोकांना विचारल्यावरच काम झालं. मागणाऱ्याला मदतीचा खर्च दिसतो. ज्याच्याकडे मागितलं जातं त्याला ‘नाही’ म्हणण्याचा संकोच जाणवतो, आणि तो संकोच मागणाऱ्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. हे प्रयोग परक्यांवरचे आहेत, नवऱ्यावरचे नाहीत. घरात मागच्या नकारांचा इतिहास असतो, तो परक्यांत नसतो. तरीही एवढं त्यातून दिसतं की ‘नाही’ येईल हा आपला अंदाज बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त काळा असतो.

आता त्याच्या बाजूला जाऊ. सूचक बोलणं ही फक्त बायकांची सवय आहे असं मानणाऱ्यांनी त्याचा सोमवार बघावा. सोमवारी रात्री जेवताना तो म्हणाला होता, “आमच्या डिपार्टमेंटमधले दोघं गेले.”

ती म्हणाली, “अरे वा, कुठे मिळालं त्यांना?”

“बघतायत,” असं म्हणून तो आमटी वाढून घेऊ लागला.

त्याला सांगायचं होतं की कंपनी माणसं कमी करतेय, पुढचा नंबर आपला असेल का या विचाराने झोप येत नाही, आणि पुढचे दोन महिने कुठलाही मोठा खर्च काढू नकोस. शिवाय तिने जवळ बसून, काय झालं, असं विचारावं हेही. त्याच्याही मनात पाच तुकडे होते आणि बाहेर पडला एकच, तोही दोन अर्थांचा. ‘गेले’ म्हणजे काढले की सोडून गेले? तिने आनंदाचा अर्थ घेतला, कारण तिच्या ऑफिसात माणसं चांगली नोकरी मिळाली की जातात. त्याने तिथेच मनाशी नोंद केली की हिला आपल्या काळजीशी काही देणंघेणं नाही. पुरुषांची सूचक बोली बहुतेक वेळा बातमीच्या रूपात येते, आणि बातमी ऐकणारा बातमीलाच उत्तर देतो.

म्हणजे बुधवारी रात्री ओट्यापाशी दोन माणसं होती, आणि दोघांच्याही खात्यात समोरच्याच्या नावावर एकेक न फेडलेलं देणं लिहिलेलं होतं. फेऱ्या कमी आहेत, असं तो चिडक्या आवाजात म्हणाला त्यात सोमवारही मिसळलेला होता.

शुक्रवारी ती गप्प झाली. भांडी जरा जोरात ठेवली गेली. त्याने विचारलं, “काही झालं का?” ती म्हणाली, “काही नाही.” हे दोन शब्द या सगळ्या यंत्रणेतली कळ आहेत. तिच्या दृष्टीने हा शेवटचा आणि सगळ्यात स्पष्ट इशारा होता: खोदून विचार. त्याच्या दृष्टीने हे उत्तर होतं. तो खोदून विचारत नाही याची कारणंही असतात. मागे खोदून विचारल्यावर “तुम्हाला कळत नसेल तर सांगून काय उपयोग” असं ऐकलेलं असतं. काही तरी चुकलंय एवढं त्याला समजतं. काय चुकलंय ते समजत नाही. आरोपपत्र न वाचता उभं केलेल्या आरोपीसारखा तो दोनच गोष्टी करू शकतो, बाजूला होणं किंवा उलट चिडणं. बहुतेक नवरे आधी पहिली करतात आणि मग दुसरी.

कोर्टनी राइट आणि मायकेल रोलॉफ यांनी २०१५ मध्ये या गोष्टीवर नेमका अभ्यास केला. जोडीदाराला आपल्या मनातलं न सांगता कळायला हवं, अशी ज्यांची अपेक्षा तीव्र, ती माणसं अपेक्षाभंग झाल्यावर अधिक दुखावली जातात आणि अबोला धरण्याकडे अधिक वळतात, असं त्यांना आढळलं. गंमत बघा: ज्याला कळलं नाही त्याला कळवण्याचा मार्ग म्हणून अबोला निवडला जातो, म्हणजे आधीच कमी असलेली माहिती आणखी कमी केली जाते.

रविवार उजाडतो. तो सकाळी लवकर उठून बाजारात जातो आणि जिताडा घेऊन येतो. महाग मासा. खर्चाची काळजी असतानाही आणतो, कारण आठवडाभर घरात काही तरी बिघडलंय आणि ते सावरायचा हा त्याचा मार्ग. मासा ओट्यावर ठेवून तो तिच्या चेहऱ्याकडे बघतो. ती बघते आणि हिशेब करते: साफ करणं, कालवण, तळणं, खाली-वर सगळ्यांची जेवणं, म्हणजे दुपारचे दोन. उरण गेलं. ती म्हणते, “आज हे कुणी सांगितलं होतं?”

भांडण सुरू होतं ते जिताड्यावरून. अर्ध्या तासाने ते आईचं ऑपरेशन, तुमच्या बहिणीकडे जायचं असतं तेव्हा बरा वेळ मिळतो, इथपर्यंत येतं, आणि शेवटी ते वाक्य येतं: “एवढं पण सांगावं लागतं का?” तो खरोखर चकित होऊन म्हणतो, “अगं मग बोलायचं ना, गेलो असतो.” आणि तो गेला असता, हे या प्रसंगातलं सगळ्यात वाईट सत्य आहे. नकार कधी आलाच नव्हता. तिने चार दिवस जो सोसला तो नकार तिनेच त्याच्या वतीने दिलेला होता. तीच गोष्ट सोमवारच्या अबोल काळजीची.

अशा घरात दुखणं कुठे आहे ते ओळखायची एक सोपी खूण आहे. समोरच्यावर राग आला की स्वतःला विचारायचं: मला जे हवं होतं ते मी कुठल्या वाराला, कुठल्या वाक्यात सांगितलं? वाक्य आठवत नसेल, किंवा आठवतं ते उरणच्या गाडीविषयीचं असेल, तर मागणी झालेलीच नाही. याहून कडक कसोटी अशी की ते वाक्य घराबाहेरच्या माणसाला, समजा ऑफिसातल्या मैत्रिणीला, कुठलाही संदर्भ न देता ऐकवायचं आणि विचारायचं, यात मी काय मागतेय? तिला कळलं नाही तर नवऱ्याला कळेल हे धरून चालू नये. वर सांगितलेली जवळिकीची दरी इथे आठवावी.

दुसरी खूण पुनरावृत्तीची. एखादाच इशारा हुकणं रोजचं आहे. पण तोच विषय तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी काढला गेला, प्रत्येक वेळी आवाज जरा चढा आणि शब्द जरा कमी, तर समजावं की इशाऱ्याचं रूपांतर परीक्षेत झालंय. तिथून पुढे समोरचा योगायोगाने बरोबर वागला तरी उपयोग होत नाही. “आता सुचलं का” असा शेरा मिळतो.

मग सरळ कसं बोलायचं? इथे बहुतेक सल्ले ‘मोकळेपणाने बोला’ एवढ्यावर थांबतात. ते अपुरं आहे, कारण “तुम्हाला माझ्या माहेरचं काही पडलेलंच नाही” हेही मोकळं बोलणंच झालं. त्यात काम नाही, वार नाही. आहे तो स्वभावावरचा ठपका, आणि ठपक्याला माणूस बचावानेच उत्तर देतो. मागणीच्या वाक्यात ते पाच तुकडे असायला हवेत, आणि शिवाय नकाराला किती जागा आहे तेही. बुधवारी रात्री ते असं म्हणता आलं असतं: “आईचं ऑपरेशन झालंय, या रविवारी मला उरणला जायचंय. तुम्ही सोबत यावं असं मला फार वाटतंय, तिकडे सगळे विचारतात. जमत नसेल तर आत्ताच सांगा, मग मी मुलीला घेऊन जाईन, पण पुढच्या रविवारी तुम्हाला यावं लागेल.” वीस सेकंदांचं बोलणं. ऐकायला थोडं रुक्ष वाटतं हे खरं. पण आता त्याला ‘हो’ म्हणता येतं, ‘नाही’ म्हणता येतं, किंवा “सकाळी नको, दुपारच्या गाडीने जाऊ” असंही म्हणता येतं. आधीच्या वाक्याला या तिन्हींपैकी एकही उत्तर शक्य नव्हतं.

त्याचं सोमवारचं वाक्य: “आमच्याकडे दोघांना काढलं. मला भीती वाटतेय. आत्ता उपाय नकोय, फक्त ऐक. आणि दोन महिने मोठा खर्च नको काढूस.” शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं. पुष्कळदा माणसाला हवं असतं ऐकून घेणं, आणि समोरचा प्रेमानेच उपाय सुचवायला लागतो; मग दोघंही वैतागतात. काय हवंय यात ‘काहीही करू नकोस, बस’ हेही एक उत्तर असू शकतं, पण तेही सांगावं लागतं.

जागेची अडचण मात्र वाक्याने सुटत नाही. ज्या घरात जिन्यातून आवाज खाली जातो तिथे ही वाक्यं बोलायची जागा शोधावी लागते. गच्ची, स्टेशनापर्यंतचा रस्ता, संध्याकाळी टी. एस. चाणक्यच्या बाजूला फ्लेमिंगो बघायच्या निमित्ताने मारलेली फेरी. समोरासमोर बसून ‘मला तुमच्याशी बोलायचंय’ असं म्हटलं की समोरचा सावरून बसतो. चालताना तसं होत नाही.

ऐकणाऱ्यालाही करण्यासारखं आहे. “काही झालं का?” या प्रश्नाला “काही नाही” हे तयार उत्तर आहे, म्हणून तो प्रश्न निरुपयोगी. त्याऐवजी आपला अंदाज पुढे ठेवावा: “तू परवा उरणचं काढलंस. रविवारी जायचंय का?” अंदाज चुकला तरी चालतो, कारण चुकीचा अंदाज दुरुस्त करणं हे कोऱ्या कागदावर मागणं लिहिण्यापेक्षा सोपं असतं. तसंच तिनेही सोमवारी “कुठे मिळालं त्यांना” याऐवजी “गेले म्हणजे? काढलं का?” एवढं विचारलं असतं तर आठवडा वेगळा गेला असता. त्याच्याकडून अपेक्षा धरताना तिने त्याचा इशारा सोडून दिला होता, आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

पहिल्यांदा सरळ बोलल्यावर घरात गोडवा पसरेल अशी आशा ठेवू नये. न्यूझीलंडमधल्या निकोला ओव्हरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडप्यांना एकमेकांत काय बदल हवाय यावर चर्चा करायला लावली आणि नंतर वर्षभर त्यांचा मागोवा घेतला. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरळ मागणं करणाऱ्यांची चर्चा त्या दिवशी कमी यशस्वी वाटली होती. गोड, आडवळणाने बोलणाऱ्यांना त्या वेळी बरं वाटलं. पण पुढच्या बारा महिन्यांत जोडीदारात बदल दिसला तो सरळ बोलणाऱ्यांच्या घरी. ज्या घरात आठ वर्षं इशाऱ्यांवर चाललंय तिथे पहिलं सरळ वाक्य हुकूम वाटू शकतं. “आज काय नवीनच?” असं उत्तर आलं म्हणून ते वाक्य फसलं असं नाही.

इशारे सगळेच वाईट असंही नाही. दोघांनी मिळून ठरवलेली, वापरून पक्की झालेली खूण उत्तम चालते. पाहुण्यांत बसल्यावर तिने घड्याळाला हात लावला की निघायचं, हे ज्या जोडप्याचं ठरलेलं आहे तिथे एकही शब्द लागत नाही. पण ती खूण चालते कारण कधी तरी तिचा अर्थ शब्दांत सांगितला गेला होता. आणि ‘सांगून केलं त्यात काय’ या तिढ्यावर माझं मत स्पष्ट आहे: सांगितल्यावर, रविवारची झोप मोडून, सासूच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला जो जावई उरणला गेला, त्याचं जाणं न सांगता गेलेल्यापेक्षा तसूभरही कमी नाही. ओळखणं हा नशिबाचा भाग असतो, जाणं हा नाही.

एका ठिकाणी मात्र हे सगळं लागू करू नये. ज्या घरात काही मागितलं की मारहाण होते, पैसे बंद होतात किंवा चार लोकांत अपमान होतो, तिथल्या बाईचं आडून बोलणं ही वाईट सवय नसते, तो जीव वाचवण्याचा शहाणपणा असतो. तिला ‘स्पष्ट बोला’ हा सल्ला देणं धोक्याचं आहे. अशा घरासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी आहेत, आणि महिलांसाठीचा १८१ हा मदतीचा फोन चोवीस तास लागतो.